झोजीला : वेळ फाटकाची, आखणी आपली

सोलापुरातून गाडी काढून कारगिलला जायचं म्हटल्यावर भेटेल तो पहिल्यांदा किलोमीटर विचारायचा आणि दुसऱ्यांदा ॲव्हरेज. आमच्या दादानं मात्र वेगळंच विचारलं. "झोजीलाचं फाटक कधी उघडतं आणि कधी पडतं?" दादा रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालाय. उभा जन्म गाड्या थांबवण्यात आणि सोडण्यात गेलेला. एकेरी लाईनवर समोरची गाडी स्टेशनात पूर्ण आल्याशिवाय आपली सोडायची नाही, हे त्याच्या हाडात मुरलंय. झोजीलाचा कारभार अगदी तसाच असल्यामुळे नियोजन त्याच्याकडं गेलं ते कायमचं.

श्रीनगर-लेह रस्त्यावर सोनमर्गच्या पुढं ही खिंड लागते. उंची साधारण साडेतीन हजार मीटर. याच रस्त्यावर पुढं फोतू-ला चार हजारांच्या वर आहे आणि तिथं असलं काही फाटकबिटक नाही. म्हणजे झोजीलाची अडचण उंचीची नव्हे, रुंदीची. बालटालच्या डोक्यावर उभ्या कड्यात कोरलेला रस्ता आहे. बराचसा कच्चा, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. कित्येक ठिकाणी ट्रकसमोर ट्रक आला तर दोघांनाही हलता येत नाही. म्हणून वाहतूक पोलीस ठरावीक तास एका बाजूच्या गाड्या सोडतात, त्या उतरल्या की दुसऱ्या बाजूच्या. छोट्या गाड्यांना दिवसाचे तास, ट्रकांना त्यांचे वेगळे. बालटाल ते मीनामर्ग तेरा किलोमीटरच्या बोगद्याचं काम चालू आहे. तो होईपर्यंत हेच.

वेळा कायमच्या ठरलेल्या नसतात. जम्मू-काश्मीर वाहतूक पोलीस दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक आदल्या संध्याकाळी जाहीर करतात. त्यात 'हवामान आणि रस्ता ठीक असल्यास' अशी अट असतेच असते. दोन महिने आधी कुणाच्या तरी अनुभवातून उतरवून घेतलेल्या वेळा म्हणूनच कामाच्या नाहीत. आम्ही निघण्याआधी पंधरा दिवस पुतण्या रोज रात्री ते पत्रक वाचून दाखवायचा आणि दादा वहीत लिहायचा. त्यातून मे अखेरचा ढाचा कळला : सकाळी सोनमर्गकडून कारगिलकडे, दुपारनंतर मीनामर्गकडून श्रीनगरकडे. अधूनमधून एखादा दिवस पूर्ण बंद. मग दादानं सगळी सहल उलटी लिहिली. वहीच्या तळाशी फाटकाची वेळ, तिच्यावर आदल्या रात्रीचा मुक्काम, त्याच्यावर त्याच्या आदला, असं करत करत पानाच्या माथ्यावर सोलापूर.

सिमकार्डाचंही तेव्हाच उरकलं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिकडं चालत नाही, पोस्टपेड चालतं. पत्रक रोज बघायचंय म्हटल्यावर निदान दोन फोन चालू हवेत, म्हणून दादाचा आणि माझा नंबर पोस्टपेड करून घेतला.

गुरुवार ते शनिवार : सोलापूर ते जालंधर

या टप्प्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आपल्या तुळजापूर रोडनं जो राष्ट्रीय महामार्ग ५२ निघतो, तोच बीड, संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार करत थेट पंजाबातल्या संगरूरला जाऊन संपतो. सोलापूरकराला तीन राज्यं ओलांडेपर्यंत रस्ता विचारायची गरज नाही.

कन्नडच्या घाटात मात्र दादा खुशीत आला. २०२३ पासून तिथं जड वाहनांना बंदी आहे, त्यामुळे घाट मोकळा मिळाला. "बघ, ट्रक काढले की घाट केवढा रुंद होतो," म्हणाला. झोजीलाबद्दल त्याचं एक मत इथंच पक्कं झालं : ट्रकांच्या वेळेच्या जवळपाससुद्धा आपण असायचं नाही.

मुक्काम इंदूर, जयपूर, जालंधर. ऊन असं की दुपारी स्टिअरिंगला हात लावायची सोय नव्हती.

रविवार : उधमपूर

जालंधरहून जम्मू दुपारपर्यंत होतं आणि तिथंच थांबावंसं वाटतं. दादानं उधमपूर गाठायला लावलं. कारण जम्मू-श्रीनगर रस्त्यालाही वेळेचं बंधन असतं. छोट्या गाड्या बहुतेक दोन्ही बाजूंनी चालतात, ट्रक मात्र पाळीपाळीनं एकाच दिशेनं सोडतात आणि ठरावीक वेळेनंतर नाक्यावर कुणालाच पुढं जाऊ देत नाहीत. उधमपूरच्या पुढं गेलं की चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरचा बोगदा, मग रामबन, बनिहाल आणि काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा. यातला रामबन-बनिहाल टप्पा दरडींचा. पाऊस झाला की तिथंच अडकायला होतं. जम्मूत झोपलो असतो तर सकाळचे दोन तास जम्मूच्या गर्दीतच गेले असते.

रात्री पत्रक आलं. ट्रक श्रीनगरहून खाली, म्हणजे उद्या दिवसभर समोरून ट्रक येणार. दादा म्हणाला, "समोरून आले तरी बरे, आपल्यापुढं रांग नको."

सोमवार आणि मंगळवार : श्रीनगर, मग सोनमर्ग

पहाटे पाचला निघून दुपारी श्रीनगरला पोचलो. रामबनला तासभर खोळंबा झाला, तो हिशोबात धरलेलाच होता.

मंगळवार वहीत 'राखीव' म्हणून लिहिला होता. वहिनींना शिकाऱ्यातून फिरायचं होतं, त्यांनी या राखीव दिवसाचं सोनं केलं. असा दिवस घाटाच्या अलीकडं का ठेवायचा, तर बंद पडलंच तर मोठ्या गावात पडावं. हॉटेल, मेकॅनिक, डॉक्टर, डिझेल सगळं हाताशी असतं. टाकी आम्ही श्रीनगरातच गळ्यापर्यंत भरून घेतली.

खरा वाद झाला तो मंगळवारच्या रात्रीवरून. बुधवारची वेळ जाहीर झाली होती : सोनमर्गच्या नाक्यावरून सकाळी पाच ते अकरा. माझं म्हणणं, श्रीनगर ते सोनमर्ग ऐंशी किलोमीटर, सव्वादोन तासांचा रस्ता. सात वाजता निघालो तरी सव्वानऊला नाक्यावर. रात्र हाऊसबोटीत काढू की! दादानं पेन काढलं.

"अकरा ही शेवटच्या गाडीची वेळ. आपली नव्हं. साडेनऊच्या पुढं सोनमर्गात हवा खायला येणाऱ्या टॅक्स्या सुरू होतात. त्यात अर्धा-पाऊण तास गेला म्हणजे दहा. एक टायर बसला तर साडेदहा. अन् रांग लांबलेली असली तर ते अकराच्या आधीपण बंद करतात. मग?"

मग एक दिवस गेला, हे मी बोललो नाही, पण कळलं.

दुसरी गोष्ट नाक्याच्या पुढची. खिंडीतलं पाणी घड्याळ लावून येतं. रात्री थिजलेलं बर्फ ऊन चढलं की वितळतं आणि दहा-अकरानंतर रस्त्यावर ओढे वाहायला लागतात, चिखल होतो. उलट अगदी पहाटे सावलीतल्या वळणांवर पाण्याचा पातळ काच झालेला असतो, त्यावर टायर धरत नाही. म्हणजे पाचला सगळ्यांत पुढं घुसण्यातही शहाणपण नाही. पुढं पन्नास-शंभर गाड्या जाऊन रस्ता खरबरीत झालेला असावा आणि पाणी अजून सुटलेलं नसावं, अशी वेळ साधारण सहा ते साडेसात. ती गाठायची तर झोप सोनमर्गातच घ्यावी लागते.

सोनमर्गातलं हॉटेल श्रीनगरच्या दुप्पट पडलं. दादानं निमूट पैसे दिले, हे आमच्या घरच्या इतिहासात नोंदवण्यासारखं. गगनगीर ते सोनमर्ग साडेसहा किलोमीटरचा बोगदा २०२५ च्या जानेवारीत सुरू झाल्यामुळे तेवढा हिमकड्यांचा टप्पा आता टळतो, हाऊसबोटीतून पहाटे निघायचा मोह त्यामुळेच वाढलाय. पण बोगद्यानं वाचतो तो रस्त्याचा वेळ, नाक्यावरची रांग तशीच.

बुधवार : झोजीला

साडेपाचला खोलीवरून निघालो, पावणेसहाला रांगेत. आमच्यापुढं साठ-सत्तर गाड्या असतील. पोलीस गाडीचा नंबर बघत होता आणि चाकं. एका छोट्या हॅचबॅकवाल्याला त्यानं बाजूला घेऊन पोट किती खाली आहे ते वाकून बघितलं, मग सोडलं.

दादा उतरून त्याच्याशी बोलून आला. हिंदी दोघांचीही यथातथाच, पण गाड्या सोडणाऱ्या माणसांची भाषा एकच असावी. ट्रकांची रात्रीची पाळी चारला संपली होती, शेवटचा ट्रक खाली उतरल्याचं वायरलेसवर कळल्यावरच पाचला फाटक उघडलं होतं. "म्हणजे लाईन क्लिअर घेतात," दादा म्हणाला. "फक्त एलव्हीचा बोर्ड दिसत नाही." शेवटच्या डब्यामागं लावतात तो 'एलव्ही' पाटीचा बोर्ड, गाडी तुटून मागं राहिली नाही याची खूण. इथं मोटारींना कोण बोर्ड लावणार? मधेच कुणी फोटो काढत थांबला तर वरचं सगळं वेळापत्रक त्याच्या नावानं पुढं सरकतं.

बालटालचा फाटा खाली राहिला आणि चढ सुरू झाला. डावीकडं मातकट भिंत, उजवीकडं खाली तंबूंच्या ठिपक्यांएवढं बालटाल. पहिला-दुसरा गिअर, वेग दहा-पंधरा. पुढच्या गाडीचं मागचं चाक जिथून गेलं तिथूनच आपलं न्यायचं आणि दोघांत दोन गाड्यांएवढं अंतर ठेवायचं, हे मी काटेकोर पाळलं. चढावर पुढचा थांबून मागं घरंगळला तर तेवढीच जागा कामाला येते. दोन ठिकाणी रस्त्यावरून पाणी वाहत होतं, अजून घोट्याएवढंच. बायकोनं पूर्णवेळ डोंगराकडंच बघायचं ठरवलं होतं आणि ते तिनं निभावलं.

वर बर्फाच्या भिंती लागल्या. यंत्रानं कापलेल्या, गाडीच्या टपाहून उंच. जवळून पाहिलं की त्यात थर दिसतात : पांढरा, मग धुळीची करडी रेघ, परत पांढरा. प्रत्येक रेघ म्हणजे दोन हिमवर्षावांमधले उघडीपीचे दिवस. पुतण्यानं काच खाली करून बोट लावलं तर बर्फ दगडासारखं कडक होतं.

झिरो पॉइंटला टॅक्स्यांची जत्रा. मॅगीचे ठेले, भाड्याचे गमबूट, स्लेज. सोनमर्गच्या टॅक्स्या इथपर्यंत येतात आणि उलटी पाळी सुरू झाली की परततात, त्यामुळे सकाळी इथं कोंडी होतेच. आम्ही थांबलो नाही. थांबायचंच तर पुढं गुमरीच्या मैदानात, रस्त्याच्या बाहेर गाडी काढून थांबावं, तिथं कुणाची वाट अडत नाही.

तिथंच चहा झाला. १ नोव्हेंबर १९४८ ला याच खिंडीतून आपले स्टुअर्ट रणगाडे वर आले होते. ते श्रीनगरमार्गे बुरूज काढून, गुपचूप आणले होते आणि त्यांच्यासाठी खेचरांची वाट रुंद करून दिली होती ती मद्रास सॅपर्सनी. इतक्या उंचीवर रणगाडे येतील अशी समोरच्यांची कल्पनाच नव्हती. आत्ता ज्या वाटेनं दोन ट्रक धड जात नाहीत तिथून हे आणलं, म्हणून दादा बराच वेळ मागं वळून बघत राहिला.

साडेआठला मीनामर्गचं नाकं ओलांडलं. इथून पुढं लडाख, डांबर आणि दोन्ही बाजूंची वाहतूक. द्रासमध्ये पराठे खाऊन दुपारी कारगिल.

गुरुवार : कारगिल

आराम. सुरू नदीकाठी चक्कर, जर्दाळूची खरेदी. संध्याकाळी पत्रक : मीनामर्गहून श्रीनगरकडं साडेबारा ते साडेपाच.

शुक्रवार : परतीचं फाटक

परतीची वेळ दुपारची असल्यामुळे सकाळ मोकळी मिळते, ती द्रासच्या स्मारकाला दिली. समोर तोलोलिंग, त्याखाली १९९९ च्या जवानांची नावं कोरलेली भिंत. वहिनी नावं वाचत वाचत 'महाराष्ट्र' शोधत होत्या.

अकराला मीनामर्गच्या रांगेत लागलो. साडेबारा वाजले, फाटक बंदच. एक वाजला, पोलीस म्हणे वर चिखलात ट्रक फसलाय. आता हा अंदाज कसा घ्यायचा हे दादाकडून शिकण्यासारखं होतं. तो समोरून येणाऱ्या गाड्या मोजत बसला. सकाळच्या पाळीतले उशिराचे गडी बारापर्यंत एकामागून एक येत होते. मग दहा मिनिटांत एक आणि नंतर एकही नाही. "गाड्या संपल्या असत्या तर फाटक उघडलं असतं. गाड्या संपल्या नाहीत आणि येतही नाहीत, म्हणजे मधे तुंबल्यात. ट्रक निघाला तरी आधी त्या सगळ्या इकडं येणार, मग आपण." दुसरी खूण आमच्या मागच्या ट्रकवाल्यांची. त्यांना तसाही रात्रीशिवाय नंबर नव्हता, पण त्यांनी स्टोव्ह काढून डाळ शिजत घातली. चहा ठेवला असता तर गोष्ट वेगळी, डाळ म्हणजे दोन तास.

आम्हीही डबा उघडला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोलापूर सोडल्यापासून टिकून होती. शेजारच्या गाडीतल्या पंजाबी कुटुंबाला दिली. त्यांच्या बेबेनं भाकरी मोडून बघितली, चटणी तोंडात टाकली आणि पाण्याची बाटली मागितली.

जेवता जेवता दादानं परतायची वेळ ठरवली. मे अखेरीला तिकडं साडेसातपर्यंत उजेड असतो. मीनामर्ग ते सोनमर्ग, दुपारच्या पाण्याचिखलात, साडेतीन तास धरायचे. म्हणजे चारनंतर फाटक उघडलं तर उतार अंधारात येणार. "साडेपाचपर्यंत सोडतील, ते त्यांचं. आपलं फाटक चारला पडतं." चार वाजले तर द्रासला मागं फिरायचं, तिथल्या गेस्टहाऊसवाल्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं. शनिवार वहीत राखीव होताच, तो मुद्दाम या बाजूला ठेवलेला. बंद असेल तर सुट्टीच्या शेवटच्या दिवशी धावपळ नको म्हणून. मला वाटतं दोन राखीव दिवसांत हाच जास्त मोलाचा. जाताना अडकलं तर कारगिल हुकतं, एवढंच. येताना अडकलं तर नोकरीवर हजर व्हायची तारीख हुकते.

अडीचला समोरून गाड्या सुरू झाल्या. चिखलानं काचेपर्यंत माखलेल्या. चाळीसएक मिनिटं त्या येत राहिल्या. तीन वाजून वीस मिनिटांनी आमची रांग हलली.

बुधवारी घोट्याएवढं असलेलं पाणी आता अर्धं चाक बुडवत होतं. आवाजही वेगळा, सगळीकडून खळखळ. उतरताना ब्रेकवर पाय न ठेवता पहिल्या गिअरवर गाडी सोडली. सतत दाबलेले ब्रेक तापून पकड सोडतात आणि वास यायला लागतो. पुढच्या एका गाडीचा तसा वास काच बंद असून आत आला. दादानं मला लगेच अंतर वाढवायला लावलं. ती गाडी पुढं रुंद जागेत थांबली, आम्ही तिला ओलांडून गेलो. फसलेला ट्रक कड्याच्या बाजूला सरकवून ठेवला होता, क्लीनर चाकाखाली दगड लावत होता.

पावणेसातला सोनमर्ग. उजेड होता, पाऊण तासाचा.

शनिवार आणि पुढं

न वापरलेला राखीव दिवस वहिनींनी परत श्रीनगरसाठी मागून घेतला आणि हाऊसबोट शेवटी झालीच. संध्याकाळी सवयीनं पत्रक पाहिलं : झोजीलावर रात्री पाऊस झाल्यामुळे रविवारी दोन्ही बाजू बंद. जम्मूचा रस्ता चालू, ट्रक या खेपेला जम्मूहून वर. दादानं वही काढली आणि काझीगुंडच्या बोगद्यावर सकाळी किती वाजता असायचं ते लिहायला घेतलं.